दहा टक्क्यांचा नियम

मी इतवारीत बसून लोकांचे शेअरचे सौदे मुंबईच्या दलालाकडे पाठवतो. विश्वनाथ बोकारे महिनाभर माझ्याकडे येऊन फुकटचा चहा प्यायचा आणि पेपरातले भाव पाहून नुसत्या कागदावर शेअर घ्यायचा, विकायचा. त्याचा नियम एकच होता. भाव खरेदीपेक्षा दहा टक्के पडला, की त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं. असा तोटा त्याने तीनदा काढून टाकला, भातातला खडा काढावा तसा. तरी महिनाअखेर कागदावर नफाच.

“शिस्त पाहिजे गा, शिस्त!” मलाच शिकवायचा शहाणा.

मग बोकारे साहेबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले आणि एका सिमेंट कंपनीचे खरे शेअर घेतले. थोड्याच दिवसांत ते दहा टक्के पडले. सकाळी पेपर पाहून मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेना. बोकारे रुमालाने मान पुसत फोनसमोर बसून राहिला. कागदावर त्याला कधी असं बसावं लागलं नव्हतं.

फोन वाजला. मी विचारलं, “विकू ना?”

“थांब गा. उद्या चढते भाव.”

“अन् तुझा नियम?”

“तो कागदावरचा होता. हा माझा पैसा आहे.”

भाव निम्म्यावर आला तेव्हा तो पुन्हा उगवला.

“नियमच चुकला होता गा. आता पंधरा टक्क्यांचा महिनाभर कागदावर तपासून पाहतो.”

मी चहा मागवला. एकच.