क्षितिजाच्या खाली एक फूट

बिल्डरसाहेबांचा हट्ट एवढाच होता की रिकामा प्लॉट मोठा दिसायला हवा. कुंपणाची भिंत थोडी बुटकी करा, गेट जरा लहान काढा, झाडं मात्र डेरेदार दाखवा, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे दिपतील. तिच्या खुर्चीमागे उभे राहून ते पडद्यावर बोट नाचवत होते. प्लॉटच्या फोटोत भिंत, गेट, झाडं बसवून द्यायचं तिचं काम, आणि त्या कामात ती भलतीच चिवट.

"साहेब, गेट बारा फुटांचं आहे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे काढलं तर त्यातून गाडी नाही, सायकल जाईल."

"अहो, चित्रात कोण मोजतंय?"

"मी मोजते."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि चहा सांगायला गेले.

मापासाठी तिचा एक शिरस्ता होता. फोटोत मापाचं काहीतरी असल्याशिवाय ती कामाला हात लावत नसे. त्यासाठी तिने घरचाच माणूस पकडला होता. वडील. जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले, ऐकायला कमी येणारे, आणि कानाचं यंत्र खिशात घालून हिंडणारे. त्यांच्याकडे एकेक फुटाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दहा फुटी दांडा होता. फोन तीन पायांच्या तिकाटण्यावर पाच फुटांच्या उंचीवर लावायचा, आपोआप थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायला सांगायचं, आणि दांडा घेऊन एकेका कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. फोटो निघाले की लगेच तिच्या पडद्यावर येऊन पडत.

हिशेब सोपा होता. जमीन सपाट असेल तर कॅमेरा ज्या उंचीवर, त्याच उंचीची खूण क्षितिजावर येते, दांडा जवळ असो की लांब. म्हणजे पाच फुटांची खूण सगळीकडे एकाच रेषेत. सहा फुटी भिंत त्या रेषेच्या वर बरोबर एक फूट डोकावणार, पुढेही आणि मागेही. एवढं सांभाळलं की चित्र खोटं बोलत नाही.

मागच्या आठवड्यात वडिलांनी चारही कोपरे टिपले होते आणि रेषा सुतासारखी सरळ आली होती. पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, सावल्याच नव्हत्या, आणि सावली नसलेलं झाड म्हणजे चिकटवलेला कागद. म्हणून आज उन्हात पुन्हा सगळं केलं. तीन कोपरे बरोबर आले. चौथ्यात, मागच्या उजव्या अंगाला, जिथे गवत माजलं होतं, तिथे रेषा सहाच्या खुणेतून गेली.

तिला रागच आला. वडिलांनी दांडा गवतात खुपसला असणार! वय झालं की माणूस हलगर्जी होतो, हे तिने मनात म्हणूनही टाकलं. तेवढ्यात वडिलांचाच फोन आला. ते तिकाटण्यापाशी आले होते.

"झालं ना गं? गुंडाळू?"

"काय गुंडाळू, बाबा! मागचा कोपरा चुकलाय. परत जा. गवत बाजूला करा, दांडा जमिनीवर नीट टेकवा आणि हलू नका."

"मी चाळीस वर्षं दांडे टेकवलेत," म्हातारा कुरकुरला, पण फोन जागेवर लावून निघाला.

नवा फोटो येईपर्यंत तिने भिंत बसवायला घेतली. चौथ्या कोपऱ्यात ती काही केल्या बसेना. म्हणून तिने ती सरळ वर ओढून घेतली आणि खाली गवत रंगवून सांधा झाकला. दिसायला छान दिसलं. मग सवयीने तिने मागच्या आठवड्याचा फोटो शेजारी उघडला.

त्या फोटोत याच कोपऱ्यात, हद्दीच्या याच खुंटीशेजारी, वडील उभे होते. रेषा पाचावर. दांडा तोच, माणूस तोच, गवतही तेच. पण तेव्हा रेषा वडिलांच्या डोळ्यांतून गेली होती, आज डोक्यावरून.

म्हणजे वडील चुकले नव्हते. जमीन एक फूट खाली गेली होती.

पडद्यावर नवा फोटो आला. वडील कोपऱ्यात, ताठ, आज्ञाधारक. रेषा सहावर. तिने फोन लावला. घंटी वाजत होती आणि ती कुठे वाजते आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. वडिलांपासून लांब, तिकाटण्यावर. कानाचं यंत्र खिशात. दुसरा फोटो आला. रेषा सहाच्या वर सरकलेली. तिने डोळे चोळले, पट्ट्या पुन्हा मोजल्या. चूक नव्हती. तिची पाचावर धारण बसली. हलू नका, हे तिनेच सांगितलं होतं.

"साहेब!" ती ओरडली. "त्या मागच्या कोपऱ्यात काय होतं?"

साहेब चहाचा कप घेऊन आत आले. "कुठे? तिथे होय? जुनी विहीर होती. भरून घेतलीय की! राडारोडा टाकला, वर माती. परवा पाण्याचा टँकर रिकामा केला तिथे, माती बसावी म्हणून."

"बाबा उभे आहेत तिथे."

साहेबांनी कप खाली ठेवून वॉचमनला फोन लावला. तो जेवायला गेलेला. तिने पुन्हा घंटी दिली. उठून धावत जावं, तर जागा तासाभराच्या अंतरावर.

तिसरा फोटो आला.

दांडा एकटाच उभा होता. रेषा साडेसहावर. वडील नव्हते.

तिने फोटो मोठा केला, गवत कणाकणाने तपासलं, कुठे टोपी दिसते का, हात दिसतो का. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि आपण त्यांना हलगर्जी म्हणालो होतो.

पुढचा फोटो आला तो सगळा धूसर. पडदाभर एक चेहरा, इतक्या जवळ की नाकाची भोकं दिसावीत. क्षितिजाची रेषा बरोबर वडिलांच्या डोळ्यांतून जात होती.

"अगं, किती वाजवतेस!" फोनमधून आवाज आला. "तो दांडा टेकतच नाही तिथे. माती इतकी मऊ की सोडला तरी आपला आपण उभा राहतो. खाली ठेवायला वीट न्यायला आलोय. सापडली एक. जातो आता, नीट टेकवतो."

"बाबा!" ती एवढ्या जोरात किंचाळली की साहेब दचकले. "वीट टाका. एक पाऊल पुढे टाकायचं नाही. तिथे विहीर आहे!"

बहिऱ्या म्हाताऱ्याला हे मात्र स्पष्ट ऐकू गेलं. पलीकडे वीट खाली पडल्याचा आवाज आला. मग लांबून काहीतरी ढासळल्याचा जड आवाज.

"दांडा गेला गं," वडील हळूच म्हणाले.

फोनने पुढचा फोटो काढला. तीन कोपऱ्यांवर ऊन होतं. चौथ्यात गवतही नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले होते. उद्या सकाळी त्याच कोपऱ्यात पाया खणायला मजूर उतरणार होते. त्यांनी मुकादमाला फोन लावला आणि तो तिच्याकडे दिला. तिनेच सांगितलं. मग तिने पडद्यावरची वर ओढलेली भिंत आणि रंगवलेलं गवत पुसून टाकलं.

संध्याकाळपर्यंत चित्र पुरं झालं. भिंत सहा फूट, गेट बारा फूट, झाडं आज लावली तर असतील तेवढीच, कोवळी. मागचा उजवा कोपरा उघडा, त्याभोवती लांबून घातलेला कठडा.

मापासाठी चित्रात एक माणूस लागतो. तिने वडिलांना गेटपाशी उभं केलं, पक्क्या रस्त्यावर, आणि त्यांचे पाय जमिनीला टेकलेत ना हे पुन्हा पुन्हा बघत राहिली.