उणे आठ लाख

मला एक खोड आहे. आकडा विचित्र दिसला की जेवण गोड लागत नाही. क्रांती चौकाजवळ काकासाहेबांची साबण-बिस्किटांची होलसेल पेढी आहे, तिथं मी हिशेब बघते. त्यांचे थोरले भाऊ वारले आणि वहिनी पुतळाबाई पेढीतला आपला निम्मा वाटा काढून घ्यायला निघाल्या. पडेगावला पिठाची गिरणी टाकायची होती त्यांना. त्याआधी बुडीत उधारीची तरतूद, म्हणजे येणं असलेल्यातलं किती बुडालं धरायचं ते, ठरवायचं होतं. तरतूद जितकी मोठी, तितका त्यांचा वाटा लहान.

बिलं किती जुनी झालीत याचा तक्ता मी काढला. सहा महिन्यांपुढच्या रकान्यात नऊ लाख. एवढ्या जुन्या उधारीतली निम्मी बुडतेच, हा पेढीचा अनुभव. म्हणजे साडेचार लाख गेले! पुतळाबाईंनी पदर सावरला.

पण चालू महिन्याच्या रकान्यात बऱ्याच दुकानदारांपुढे उणे आकडे होते. मिळून आठ लाख. उधारी उणे कशी असेल? राहवेना. त्यातल्याच एका दुकानदाराला, करमाडच्या कडूबांना, फोन लावला.

"ताई, दर बाजाराला पाच-धा हजार देतोच की," ते म्हणाले. "बिलं कोण बघत बसतंय? खात्यावर टाका म्हंतो."

अस्सं! पैसे आले होते, पण कुठल्याच बिलापुढे मांडले नव्हते. म्हणून जुनी बिलं तशीच उघडी दिसत होती. मी प्रत्येकाची जमा त्याच्याच सर्वांत जुन्या बिलापासून मांडत गेले. नऊ लाखांतले आठ फिटले, एक उरला. त्यावर तरतूद पन्नास हजार. ताज्या बिलांवरही किरकोळ टक्केवारी बुडीत धरतात, ती फारशी हलली नाही. पुतळाबाईंचा वाटा जवळजवळ दोन लाखांनी वाढला, आणि मला चक्क टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

मग बेरीज ताडून पाहिली. खात्यांची एकूण बाकी तक्त्यापेक्षा दोन लाखांनी जास्त निघाली. ज्या यादीवरून मी तक्ता काढला, तिच्यातूनच एक खातं कुणीतरी वगळलं होतं. कुणाचं, ते मी विचारलं.

काकासाहेबांनी मान फिरवली. "सोनाजीचं. घरचं हाय ते, सोडा."

सोनाजी पुतळाबाईंचा धाकटा भाऊ. दोन वर्षं त्याचा एक रुपया आला नव्हता, दुकान बंद होतं आणि त्याचाही पत्ता नव्हता. वहिनींची मान खाली जाऊ नये म्हणून काकासाहेबांनी ते झाकलं होतं. मला ते आवडलं, आणि तेवढीच पंचाईतही झाली.

"पूर्ण बुडीत धरा," पुतळाबाई म्हणाल्या.

"वहिनी, लाखभर तुमच्याच वाट्यातून जातील. गिरणीला कमी पडंल."

"पडू द्या, भाऊजी. हिथं बुडालं म्हून लिवलं, तर म्या बी त्याची वाट बघणं सोडीन."

मी दोन लाख लिहिले. आकडा बरोबर होता, तरी त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.