मोठ्या पडद्याची नोटीस आणि विजयाबाईंची खिडकी

आक्षेप सात दिवसांत लेखी द्या, असं माझ्या अंगावर छापलंत आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या तोंडावर दुसरा कागद डकवलात. हो, तुम्हालाच म्हणते, सहीचा फर्राटा मारून मोकळे होणाऱ्यांना!

मित्रांनो, मी थाटीपुरातल्या एका सोसायटीची नोटीस. आता पिवळी पडलेय, कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत. जन्मले तेव्हा मात्र कडक होते. जुन्या दोन सोसायट्यांची नुकतीच एक झाली होती, आणि हे एकत्र आलेल्यांचं पहिलं काम होतं: गणपतीच्या संध्याकाळी आणि मॅचसाठी सामाईक मोठा पडदा. बारा फूट बाय सात. सातपर्यंत आरती, साडेसातला मॅच, दहाला आवाज बंद. खुर्ची ज्याची त्याने आणावी. जागा: ब इमारतीची अंगणाकडची भिंत.

लोक मला वाचून हसायचे. किती मान होता मला!

पण कमिटी सगळी अ इमारतीची. भिंत त्यांनी जुन्या नकाशात पाहिली, तिथं ती कोरी होती. खिडकी नंतर भिंत फोडून काढलेली. त्या खिडकीशी महिपतराव खाटेवर पडून असतात. एकेकाळी हॉकी खेळलेले, आता अंगण हेच त्यांचं मैदान. पडदा लागला की दहा दिवस नुसतं पाठीमागचं कापड बघायचं.

त्यांच्या विजयाबाई दोनदा ऑफिसात गेल्या, कुलूप. नवऱ्याला एकटं सोडून किती थांबणार? तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याच तळाशी पेन्सिलीने लिहिलं, ‘इथे खिडकी आहे. आत माणूस आहे.’ दुसऱ्या दिवशी माझ्यावर पाण्याच्या टाकीची सूचना चढली. मी अंधारात. ती दोन वाक्यं माझ्या पोटात.

सहाव्या दिवशी कमिटीतल्या शामलाताई खुर्च्यांच्या आठवणीचा कागद लावायला आल्या. टाचणीला जागा हवी म्हणून वरचा कागद उचलला, आणि थबकल्या.

“अहो जयसिंहराव, जरा इकडे या! ये क्या है? ही खिडकी पाहिलीत का कधी?”

सेक्रेटरी जयसिंहराव चष्मा पुसत आले. “नकाशात तर नाहीये.”

“नकाशात महिपतरावही नाहीयेत. मग ते पण नाहीत का?”

“समोर अ च्या भिंतीवर संध्याकाळी ऊन येतं, ताई. चित्र दिसणार नाही.”

“साडेसातला कुठलं ऊन? सातपर्यंत तर आरतीच असते. तुमच्या घरात सूर्य मावळत नाही वाटतं!”

जयसिंहराव हसले. पेन काढून त्यांनी माझ्यावरचा ‘ब’ खोडला, ‘अ’ लिहिला, बाजूला सही केली.

पडदा समोर लागला तो थेट खिडकीकडे तोंड करून. पहिल्या चौकाराला खाटेवरून आवाज आला, “शाबास रे गड्या!” विजयाबाई माझ्यापाशी येऊन माझा सुटलेला कोपरा नीट टाचून गेल्या. ते बोट मी विसरणार नाही. शामलाताईंचंही नाही.

मित्रांनो, कागदावर कागद चढवण्याआधी खालचा वाचत जा. आणि तुम्ही, फर्राटेवाले! शामलाताईंना त्या दिवशी टाचणीला जागा मिळाली असती, तर काय झालं असतं? उत्तर द्या. सात दिवसांत, लेखी.