पाच राहिला

गणिताच्या मॅडम तिसरा तास आटोपून स्टाफरूममध्ये टेकतात न टेकतात, तोच वर्गप्रतिनिधी मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात असाइनमेंटचे कागद, चेहरा एवढासा झालेला.

"मॅडम, रागावू नका. काम खरं तर सरांकडे आहे, पण तुमच्याकडे आलेय."

सर म्हणजे मॅडमचे यजमान. त्याच कॉलेजात, एक मजला वर, अल्गोरिदम शिकवायचे. अख्खा विभाग त्यांना वचकून असे, कारण सरांची चूक निघाली असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"मग सरांकडेच जा की."

"गेले होते. ते म्हणाले, उत्तर बरोबर आहे, तूच पुन्हा बघ. मी चारदा बघितलं, मॅडम. सगळ्या वर्गाचे दोन-दोन गुण गेलेत. पूर्ण गुण फक्त आमच्या आळशाला मिळालेत, आणि तो स्वतःच म्हणतोय की घाईत त्याने शेवटचा आकडा लिहिलाच नव्हता."

मॅडमना हसू आलं. त्यांनी कागद ओढून घेतला.

प्रश्न साधा होता. सहा नोडचा, म्हणजे सहा ठिपक्यांचा ग्राफ, एक ते सहा. त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे कडा, सहा: एक-दोन, एक-तीन, दोन-चार, तीन-चार, तीन-सहा आणि चार-पाच. एकपासून सुरुवात करायची आणि शेजाऱ्यांत लहान आकडा आधी घ्यायचा. आधी ब्रेड्थ फर्स्ट, म्हणजे जवळचे शेजारी आधी संपवत, मग डेप्थ फर्स्ट, आणि शेवटी दोन्हींना वेळ किती लागतो ते लिहायचं.

डेप्थ फर्स्ट म्हणजे मिळेल त्या वाटेने आत-आत शिरायचं आणि वाट खुंटली की आल्या पावली मागे यायचं. मॅडमनी पेन्सिल फिरवली. एकवरून दोन, दोनवरून चार. चारचे शेजारी दोन, तीन, पाच. दोन झालेला, म्हणून तीन. तीनवरून सहा. सहाला पुढे वाट नाही. मागे तीनवर, तिथे काही उरलं नाही. मागे चारवर, तिथे पाच उरलाय. पाच. मग चार, दोन, एक असं मागे येऊन खेळ खलास. एक, दोन, चार, तीन, सहा, पाच. मुलीचं उत्तर तंतोतंत हेच होतं.

त्यावर सरांच्या लाल शाईची काट होती आणि शेजारी त्यांच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं: एक, दोन, चार, तीन, सहा. पाच कुठेच नव्हता.

मॅडमचं हसू मावळलं. आकडा लिहिताना चुकणं वेगळं. पण एकमेकांना जोडलेल्या ग्राफमधला एक नोड अख्खा सुटतो आणि सगळ्या वर्गाचे कागद तपासून होईपर्यंत सरांच्या ते लक्षात येत नाही?

"ठेव कागद. मी बोलते," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या वर गेल्या. सर केबिनमध्ये खिडकीशी बसून चहा पीत होते.

"अहो, मुलं कुरकुर करताहेत. मला जरा हे दाखवा ना."

"आज गणिताला अल्गोरिदमची पायरी चढावीशी वाटली म्हणायची!" सर खूश झाले. त्यांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. "हे बघ, ब्रेड्थ फर्स्टला रांग. एक आत. एक बाहेर काढला, त्याचे शेजारी दोन आणि तीन रांगेत लावले. दोन बाहेर, चार आत. तीन बाहेर, चार आधीच रांगेत आहे, तो पुन्हा घ्यायचा नाही, म्हणून फक्त सहा आत. चार बाहेर, पाच आत. मग सहा, मग पाच. झालं. एक, दोन, तीन, चार, सहा, पाच." प्रत्येक आकडा ते लिहीत होते आणि बाहेर पडला की खोडत होते. कुठे अडखळले नाहीत.

"आणि वेळ?"

"प्रत्येक नोड रांगेत एकदाच शिरतो. प्रत्येक कडेकडे दोन्ही टोकांकडून एकेकदा बघितलं जातं. सहा नोड, आणि कडांचं बघणं बारा वेळा. म्हणून नोड अधिक कडा, ओ ऑफ व्ही प्लस ई. डेप्थ फर्स्टलाही तेवढंच. हे शेजाऱ्यांच्या याद्या ठेवल्यात तर हं. शेजाऱ्यांच्या चौकोनी तक्त्याचं मॅट्रिक्स वापरलंस तर प्रत्येक नोडसाठी अख्खी ओळ चाळावी लागते, मग व्ही स्क्वेअर."

इतकं स्वच्छ सांगणारा माणूस. मॅडमच्या जिवात जीव आला.

"आता डेप्थ फर्स्ट."

सरांनी पेन खाली ठेवलं. स्टॅक, म्हणजे आलेल्या वाटेची उतरंड, कागदावर मांडणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते तो डोक्यात धरत. बोट हवेत फिरू लागलं. "एक, दोन, चार, तीन, सहा. सहावरून मागे तीन. तीनवर आलो एकवरून, म्हणून मागे एक. एकचे दोन्ही शेजारी झालेत. संपलं."

"अहो, पाच राहिला."

"हो की! घाई झाली." ते पुन्हा निघाले. पुन्हा तीनवरून थेट एकवर आले. तिसऱ्यांदा ते तीनपाशी थांबले. बोट तसंच अधांतरी राहिलं. बाहेर मुलं जिन्यावरून धडाधड उतरत होती.

"तीनवर मी कुठून आलो गं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"चारवरून."

सरांनी हात मांडीवर ठेवला.

"कधीपासून होतंय असं?" मॅडमनी विचारलं.

"गेल्या वर्षापासून असेल. जुनं सगळं आहे गं. आत्ताचं निसटतं. वाक्य सुरू करतो आणि कुठून सुरू केलं तेच हरवतं." ते कसनुसं हसले. "तुला सांगणार होतो. कदाचित सांगितलंही असेल."

"नाही सांगितलंत," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले. मॅडम मागच्या बाकावर बसल्या. "तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. सगळ्यांचे गुण परत," सरांनी सरळ सांगून टाकलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. आळशी तेवढा पुटपुटला, "म्हणजे माझे जाणार." त्यावर सगळ्यांच्या आधी सरच हसले. मग त्यांनी फळ्याच्या कडेला स्टॅक मांडला. आत गेले की आकडा वर लिहायचा, मागे आले की पुसायचा. सहा पुसला, तीन पुसला, वर चार दिसला. पाच सापडला. वर्गप्रतिनिधी मुलीने मान खाली घातली होती. सरांचं काय हरवतंय ते तिला उमगलं असावं; ती रडत होती हे मागून हलणाऱ्या खांद्यांवरून फक्त मॅडमना कळलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: स्मृतीचा आजार आहे, सुरुवात आहे, औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. सरांनी स्वतःच राजीनामा लिहिला. टर्म अर्ध्यावर होती आणि विषय शिकवायला कुणी मिळेना. शेवटी विभागप्रमुखांनी मॅडमनाच गळ घातली.

तेव्हापासून मॅडम उद्याचा तास आदल्या संध्याकाळी घरी सरांसमोर घेत. सर खुर्चीत बसून नीट ऐकत, मध्येच अडवत. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पण झालेल्या नोडवर खूणच केली नाही तर?"

"तर ग्राफमध्ये वर्तुळ असेल तिथे आपण गोल गोल फिरत राहू, बाहेर पडणारच नाही."

"छान," सर म्हणाले. "अगदी छान समजावलंस."

मॅडमनी चहा आणून दिला. सरांनी दोन घोट घेतले, कप बाजूला ठेवला आणि उत्सुकतेने पुढे वाकले.

"मला एक सांग. झालेल्या नोडवर खूणच केली नाही तर?"

मॅडम समोर बसल्या, कोरा कागद ओढला आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.