तेलातल्या दोन लाल काड्या

मी तापट आहे, हे आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या माणसालाही दुपारपर्यंत कळतं. भिंतीवर माझ्या अक्षरात एक पाटी आहे: तेलाचा ड्रॉपर काचेला टेकवायचा नाही. भिंगातून स्पष्ट दिसावं म्हणून नमुन्याच्या काचेवर आम्ही तेलाचा थेंब टाकतो, तो वरूनच सोडायचा. त्या पाटीवरून मी निदान दहा जणांना फैलावर घेतलंय. म्हणून त्या दिवशीची गोष्ट सांगताना मला अजून हसूही येतं आणि लाजही वाटते.

त्या सकाळी माझी आत्या खिडकीबाहेरच्या बाकावर तोंडाला मास्क लावून बसली होती. आत्या शेजारच्या इमारतीतल्या प्रसूतिगृहात परिचारिका. पस्तीस वर्षांत तिने इतकी बाळं पहिल्यांदा हातात घेतली की रस्त्याने जाताना अर्धं गाव तिला ओळख दाखवतं. आणि आता तिच्या स्वतःच्या लेकीचे दिवस भरले असताना तिलाच क्षयाने गाठलं होतं. दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या. बेडक्याचे दोन्ही नमुने स्वच्छ आले तरच तिला वॉर्डात सोडणार, असं तिथल्या मेट्रनने बजावलं होतं. कालचा नमुना स्वच्छ होता. आजचा, सकाळचा, माझ्या हातात होता.

हा आजार तिला झाला कसा, यावर घरात बरीच चर्चा झाली. खरं तर तो जुनाच होता. तीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला क्षय झाला, तेव्हा त्याच्या खोकल्यातून उडालेले जंतू श्वासाबरोबर तिच्या फुप्फुसात गेले. तिथल्या पहारेकरी पेशींनी त्यांना गिळलं, पण हे महाशय पचले नाहीत, उलट गिळणाऱ्याच्याच पोटात राहू लागले. मग बाकीच्या पेशींनी भोवती कडं करून त्यांना एका गाठीत कोंडलं, आणि ते आत तीस वर्षं निपचित पडून राहिले. आत्याला खोकला नाही, ताप नाही, कुणाला तिच्यापासून लागणही नाही. गेल्या वर्षी तिला मधुमेह झाला, शरीराची ताकद कमी पडली, कडं ढिलं झालं आणि पाहुणे जागे झाले. गाठीचा मधला भाग लिबलिबीत होऊन श्वासनळीत फुटला आणि खोकल्यावाटे बाहेर पडायला वाट मिळाली. "म्हणजे माझा नवरा गेला, पण बिऱ्हाड ठेवून गेला," असं आत्या म्हणाली होती, आणि स्वतःच खो खो हसली होती.

सुरुवातीला तर निदानही हुकलं. खोकला हटेना म्हणून तिने बाहेर एके ठिकाणी बेडका तपासून घेतला. त्यांनी नेहमीचा रंग लावला आणि काही नाही म्हणून कागद हातात ठेवला. मी तो कागद पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. या जंतूच्या अंगावर मेणासारखा जाड थर असतो. साधा रंग त्यात नीट शिरतच नाही. म्हणून आम्ही काचेवर बेडका पसरतो, त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा लाल रंग ओतून खालून काच तापवतो, वाफ येईपर्यंत, उकळू न देता, म्हणजे रंग मेणातून आत जातो. मग वर आम्ल ओततो. बाकी सगळ्या पेशी, बाकी सगळे जंतू रंग सोडून देतात. हा सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या मैदानावर हा एकटा लाल काडीसारखा उठून दिसतो. ज्या मेणामुळे तो लपला, त्याच मेणामुळे पकडला जातो. भिंगातून एका वेळी काचेचा जेवढा तुकडा दिसतो, ती एक नजर; आत्याच्या पहिल्या काचेवर अशा काड्या प्रत्येक नजरेत दहाच्या वर होत्या. आम्ही त्याला थ्री प्लस म्हणतो, सगळ्यात वरची पायरी. आत्यानेही तो शब्द उचलला, आणि भाजीत तिखट जास्त झालं की थ्री प्लस म्हणू लागली.

तर त्या सकाळी बारा काचा रंगवून ओळीने ठेवल्या होत्या. सहावी कुणा अनोळखी माणसाची होती, थ्री प्लस. ती पाहून झाली, सातवी आत्याची घेतली, ड्रॉपर उचलला, आणि आत्या खिडकीशी आली.

"भिंगवाले, पोरीला कळा सुरू झाल्यात. आत नेलंय तिला."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, हाताने तेल टाकलं आणि काच भिंगाखाली सरकवली. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. शंभर नजरा पाहिल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, हा आमचा नियम. एकसष्टाव्या नजरेत दोन लाल काड्या दिसल्या.

दोनच होत्या, पण दोन म्हणजे नाही नव्हे. त्या मेलेल्याही असू शकतात, कारण मेल्यावरही मेण तसंच राहतं आणि रंग तसाच चढतो. जिवंत की मेलेल्या, हे कल्चर लावूनच, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहूनच कळतं, आणि हा जंतू एकाचे दोन व्हायलाच जवळजवळ दिवस घेतो, म्हणजे कल्चरला आठवडे लागतात. तोवर नातवंड हसायला लागलं असतं. न पाहिल्यासारखं करावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण वॉर्डात दुसऱ्यांचीही तान्ही बाळं असतात.

पुन्हा खात्री करायला मी भिंगाचा स्क्रू किंचित फिरवला, आणि थांबले. काड्या स्पष्ट होत्या तेव्हा मागच्या निळ्या पेशी पुसट होत्या. पेशी स्पष्ट केल्या की काड्या पुसट. काच जराशी हलवली, तर काड्या भलतीकडेच वाहत गेल्या. त्या बेडक्यात नव्हत्याच, वर तेलात तरंगत होत्या. सहाव्या काचेवरून आल्या होत्या, ड्रॉपरच्या टोकाला बसून, आणि तो ड्रॉपर टेकवणारा हात माझा होता.

मी उठून आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या एवढंच म्हणाल्या, की उरलेल्या नमुन्यातून नवी काच कर, नवी बाटली फोड, आणि वाचणार मी, कारण आत्या तुझी आहे.

मी काच वाळवली, तापवली, लाल, आम्ल, निळा. एरवी या कामाची पंधरा मिनिटं भुर्रकन जातात. त्या दिवशी घड्याळाला मुंग्या आल्या होत्या. आत्या खिडकीतून एकच प्रश्न डोळ्यांनी विचारत होती, आणि मी थांब म्हणून हात करत होते. बाई भिंगावर वाकल्या. मी त्यांच्या ओठांची हालचाल मोजत बसले. शंभर झाले तरी त्या थांबल्या नाहीत, दोनशेपर्यंत गेल्या.

"स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "मास्क ठेवायचा आणि गोळ्या पुढचे चार महिने चुकवायच्या नाहीत. बाकी, पळू दे तिला."

मी तो कागद खिडकीतून आत्याच्या हातात दिला आणि चूकही सांगितली. मला वाटलं, रागावेल. तिने खिडकीतूनच हात घालून माझा गाल ओढला, पाटी वाचली आणि साठीच्या बाईला शोभणार नाही अशा वेगाने गेली. मला आनंदाने रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मग बसून त्या सकाळच्या बाराही काचा नव्या बाटलीने पुन्हा वाचल्या.

शेवटची काच संपत असताना फोन वाजला. मागे कुणीतरी कोकलत होतं.

"भिंगवाले, रिपोर्ट लिहून घे," आत्या म्हणाली. "मुलगी. लालबुंद. थ्री प्लस." फोन त्या आवाजाच्या जवळ नेत ती म्हणाली, "आणि कल्चर लावू नकोस. जिवंत आहे, ऐक."