आठवीचा तुकडा

"माझे सहाच होतात गो. सातवा कुठून आणू?" रुचिता माझ्या कोपराशी बसून पुटपुटत होती. "बाबांच्या दुकानाची गोष्ट आहे, ती सहात संपते. आता दुकानाला काय अजून एक शटर लावू?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सात हा आकडा आमच्या अभ्यासिकेत कसा शिरला ते मला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी किन्हवलीच्या प्रणयला बाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. त्याचा अर्जासोबतचा निबंध सात छोट्या तुकड्यांचा होता, प्रत्येकावर आकडा. मी तो छापून भिंतीला लावला. झालं. या वर्षी पाच मुलांनी अर्ज करायला घेतले आणि पाचही निबंध सात तुकड्यांचे. भाजीवाल्याने जुडी बांधावी तसे. आणि मी, दहावीनंतरचं सगळं अर्ज भरता भरता शिकलेली बाई, प्रत्येकाला म्हणत होते, "छान, असंच पाहिजे."

आज शेवटचा दिवस होता. पाच वाजता अर्ज बंद होणार होते आणि आता दीड वाजला होता. शहापूरच्या बाजारपेठेत, कपड्याच्या दुकानावरची आमची ही खोली. एक खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडते. त्यात तीन संगणक, आम्ही, आणि आज सोनालीचे बाबा बारकूदादाही. ते वीटभट्टीवरून एका दिवसाची सुटी मागून आले होते, कारण पालकांच्या संमतीवर सही हवी होती. सोबत सोनालीहून वर्षाने धाकटी बहीण भिमी. ती जिन्याच्या तोंडाशी भिंतीला टेकून बसली. खुर्ची दिली तर म्हणाली, "नको बाय, मी इथंच बरी हाय."

सोनाली डोळखांबकडच्या पाड्यावरची. आश्रमशाळेत राहून शिकलेली, यंदा बारावीला. हा प्रवेश मिळाला तर फी नाही, राहणं-जेवण विद्यापीठाचं. नाही मिळाला तर परीक्षा संपताच तीही भट्टीवर. तिच्या घरात याहून तिसरा रस्ता नव्हता, आणि ते तिलाही माहीत होतं.

दोनच्या सुमारास कुणाली आली. मुरबाडची मुलगी. एका विद्यापीठात प्रवेशाच्या हंगामात आलेले अर्ज वाचण्याचं काम करते, आता घरी आली होती. निबंध बघायला येशील का, असं मी आधीच विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, "यांच्यातल्या कुणाचा अर्ज माझ्या विद्यापीठाला नाही ना? मग मी मोकळेपणाने बोलू शकते. माझ्याकडचा असता तर एक शब्द बोलले नसते."

आधी तिने भिंतीवरचा प्रणयचा निबंध वाचला. हसली.

"हा का जमला माहितीये? किन्हवलीहून शहापूरला येणारी एसटी आहे यात. आईची भाजीची टोपली घेऊन हा बसलाय. प्रत्येक आकडा म्हणजे एक थांबा. मी कधी या रस्त्याने आले नसते तरी मला कळलं असतं की गाडी पुढे चाललीय. टोपली हलकी होतेय, मुलगा मोठा होतोय. आकड्यांना इथे काम आहे."

"आणि नसलं काम तर?" रुचिताने विचारलं.

"दे तुझा."

रुचिताचा वाचून झाल्यावर कुणालीने फक्त आकडे पुसले आणि परत वाचायला लावला. दुकान उघडलं, बाबा आजारी पडले, रुचिताने गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकं सांभाळली. सगळं सरळ वाहत गेलं.

"काही अडलं का?"

"नाय."

"मग आकडे कशाला होते?"

"प्रणयचे होते म्हणून," रुचिता म्हणाली, आणि माझ्याकडे बघत, "म्हणजे आठवडाभर मी सातवा तुकडा शोधत मेले ती फुकट!"

बारकूदादाही हसले. खोली जरा सैल झाली. कुणालीने मग आणखी एक गोष्ट सांगितली. निबंध ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत चिकटवला की कधीकधी मधल्या मोकळ्या ओळी उडतात आणि आकडे वाक्यात मिसळतात. पाठवायच्या आधी तिथे कसा दिसतोय ते बघायचं. रुचिताने लगेच चिकटवून पाहिला, अर्ज पाठवला, आणि तीनच्या आधी उड्या मारत जिना उतरली. भिमीने पाय आखडून तिला वाट दिली.

मग कुणालीने सोनालीचा निबंध उघडला.

सोनाली चांगलं लिहिते. पहिल्या तुकड्यात आश्रमशाळेची घंटा. दुसऱ्यात दोन मुली नि एक कंपासपेटी, एकीने कोन काढायचे, दुसरीने वर्तुळं. तिसऱ्यात सुट्टीत भट्टीवर त्याच दोघी, ओल्या विटांवर बोटाने गणितं सोडवणाऱ्या. चौथ्यात एक मुलगी, प्रयोगशाळेत, भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा. पाचवा, सहावा, सातवा.

कुणालीने घड्याळ लावून वाचला. तीन मिनिटं.

"माझ्यापुढे दिवसाला पंचवीस-तीस असे अर्ज असतात," ती सोनालीला म्हणाली. "निबंधाला एवढाच वेळ. वाचून झाल्यावर पुढच्या वाचणाऱ्यासाठी मला दोन ओळी लिहायच्या असतात, ही मुलगी कोण, काय घेऊन येतेय. तुझ्या निबंधावर मी काय लिहीन सांगू? 'भाषा सुंदर. नीटसं कळलं नाही.'"

सोनालीचा चेहरा उतरला. "तुकडे जास्त झाले?"

"तुकड्यांचं नाही. तीन आणि चारच्या मधे मी पडले. तिसऱ्यात दोन मुली आहेत. चौथ्यात एकच. दुसरी कुठे गेली? मी मागे जाऊन शोधलं. मैत्रीण होती का, बहीण होती का, वारली का? वाचणाऱ्याला एकदा अशी शंका आली की पुढचं काहीच धड वाचलं जात नाही."

माझ्या हातात चहाचा पेला होता. तो मी खाली ठेवला.

कारण तो तीन-चारमधला खड्डा माझ्या सल्ल्याने पडला होता. पंधरा दिवसांपूर्वी सोनाली तिथेच अडली होती. "ताई, इथं काय लिहू?" आणि मी म्हटलं होतं, "काही नको. चार टाक आणि पुढे हो. आकड्यांची तीच तर सोय असते."

"काढू का सगळे आकडे?" सोनालीने विचारलं.

"काढून वाच."

तिने मोठ्याने वाचलं. रुचिताचा निबंध आकड्यांविना वाहिला होता. हा तिसऱ्याच्या शेवटी उभाच राहिला.

"बघ," कुणाली म्हणाली, "तुझे आकडे शोभेचे नव्हते, ते झाकण होते. पण तुझ्या गोष्टीला तुकडे शोभतात. शाळा, भट्टी, शाळा, भट्टी असं तुझं आयुष्य खरंच तुटक आहे. फक्त आकडा वाचणाऱ्याला काहीतरी सांगू दे. हे कुठल्या कुठल्या वर्षांचं आहे?"

"दोन नंबर सहावीचा. तीन सातवीचा. चार नववीचा."

"मग एक, दोन, तीन ऐवजी इयत्ता लिही. कुणालाही कळेल आपण कुठे आहोत."

सोनालीने भराभर बदललं. पाचवी. सहावी. सातवी. नववी. आणि तिची बोटं कळफलकावर थांबली. आता त्या पडद्यावर लहान मुलालाही दिसलं असतं की आठवी नाही.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. खाली दुकानात कुणीतरी साडीचा रंग जातो का म्हणून भांडत होतं. खोलीतून जायला एकच जिना, त्याच्या तोंडाशी भिमी.

"आठवी लिहायलाच हवी का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "इंग्रजीत म्हणतात ना, घरच्या अडचणींमुळे. तसं एक वाक्य."

"असं वाक्य रोज वीस निबंधांत असतं, शकूताई," कुणाली म्हणाली. "त्याने खड्डा बुजत नाही, वर पाटी लागते फक्त. पण लिहायचं की नाही हे सोनालीनेच ठरवायचं. नको असेल तर दुसऱ्या मुलीला पहिल्यापासून काढ. मग खड्डा राहणार नाही. निबंध साधा होईल, पण कळेल."

सोनाली वळून जिन्याकडे बघू लागली.

"माला काढतेस काय गो?" भिमी तिथूनच म्हणाली. तिला हसू येत होतं की काय, कळेना. "काय लिवलंस ते वाच तरी. मराठीत."

सोनालीने सहावी वाचली. कंपासपेटी. मग सातवी, ओल्या विटा.

"वर्तुळं मी काढायची," भिमी म्हणाली. "तुजी वाकडी यायची."

"हो. तेच लिहिलंय."

"मग ऱ्हाऊ दे माला. लिव आठवी. आठवीला भिमी भट्टीवर गेली. धाकटा रांगत होता, आई विटा थापायची, त्याला धरायला कोन पायजे होतं. एक गेली म्हनून एक ऱ्हायली. लाजायचं काय त्यात?"

सोनाली रडली नाही. तिने टाइप केलं, पुसलं, परत केलं. कुणाली खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. चार वाजून दहा मिनिटं झाली.

"झालं," सोनाली म्हणाली. "पाचच ओळी आहेत." ती बाबांकडे न बघता वाचू लागली. "आठवी. माझ्या धाकट्या भावाला सांभाळायला घरातली एक मुलगी हवी होती. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. वडिलांनी आमच्यातली एक निवडली. त्यांनी कशावरून निवडलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हापासून मी दोघींचं शिकते."

कुणाली वळली. तिचा चेहरा सांगत होता की हे आता कुणीही वाचलं तरी विसरणार नाही.

बारकूदादा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. विटांच्या मातीने नखांच्या कडा लाल. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि नजर खाली घेतली.

"बाबा, असं लिहिलं तर चालेल ना?" सोनालीने विचारलं. "तुमचं नाव वाईट होतंय असं वाटलं तर काढते."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मीच बाप ना. ऱ्हाऊ दे तसंच."

ते खरंच तसंच राहू देणार होते. कुठल्या तरी शहरात कुणीतरी तीन मिनिटांत वाचणार, बापाने मुलगी निवडली म्हणून मान हलवणार, आणि हा माणूस रात्रीच्या आत भट्टीवर परतून आपलं काम करणार. पाच वर्षं त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडणार नव्हते. भिमी माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. त्या दिवशी ती बापासोबत आली होती, माझ्या दाराशीच पाणी पीत होती.

सोनालीने माउस पाठवायच्या बटणावर नेला.

"थांब," मी म्हटलं. "तिसरी ओळ चुकीची आहे. निवड तुझ्या बाबांनी नाही केली. भट्टीवर कुणाला न्यायचं ते विचारायला ते पाड्यावरून चालत माझ्याकडे आले होते, दोघींच्या वह्या पिशवीत घालून. मी पाच मिनिटं वह्या चाळल्या आणि म्हटलं, भिमीला न्या."