एका संदर्भाला एक वाक्य

निहारची दुपारची झोप चाळीस मिनिटांची. पहिली पाच मिनिटं तो खरंच झोपलाय का हे बघण्यात जातात, शेवटची पाच आता उठेल या धास्तीत. मधल्या तीस मिनिटांत मला पीएचडी करायची असते.

सोमवारी ती तीस मिनिटं सुरू झाली आणि मृणालिनी मॅडमचा मेसेज आला. ‘शुक्रवारी समितीपुढे तुझं दुसरं प्रकरण आहे. पान एकवीसवरचा परिच्छेद मोड. प्रत्येक संदर्भाला एकच वाक्य कर. लेखक काय म्हणतो आणि त्याला काय सापडलं, एवढंच.’

मॅडम माझ्या मार्गदर्शक. मे अखेर निवृत्त होणार. या शुक्रवारी प्रकरण परत आलं तर पुढची बैठक सहा महिन्यांनी, आणि तीही नव्या मार्गदर्शकाच्या हाताखाली. नवा माणूस म्हणजे नवे प्रश्न, जवळजवळ पुन्हा श्रीगणेशा. बाळंतपणामुळे एक बैठक आधीच हुकली होती.

माझा विषय आहे, कामावर जाणाऱ्या बायका बाळाला अंगावर पाजणं कधी आणि का थांबवतात. विषय घेतला तेव्हा निहार नव्हता. आता आठ महिन्यांचा निहार मांडीवर असतो आणि विषय समोर.

संध्याकाळी नवऱ्याला, विकीला, मेसेज वाचून दाखवला.

“एक वाक्य? तुला?” तो म्हणाला. “दूधवाल्याला उद्या नको सांगायला तुला तीन लागतात.”

“जा रे.”

“वाट लागली तुझी.”

मंगळवारच्या तीस मिनिटांत परिच्छेद उघडला. चार संदर्भ होते. ‘देवरुखकर यांच्या मते... याचप्रमाणे शेख व म्हात्रे यांनीही... चेंबूरकर यास दुजोरा देतात... तसेच तांडेल यांनी दाखवून दिले आहे...’ वाचायला किती गोड! निहारच्या खिमटासारखं. भात कुठला, डाळ कुठली, काही कळत नव्हतं. ‘याचप्रमाणे’ आणि ‘तसेच’ काढून टाकले आणि एकेकाला वेगळं बसवलं.

पहिलं वाक्य सहज झालं. देवरुखकर (२०१२) यांच्या मते पाजण्याचा काळ रजेवर ठरतो; बारा आठवड्यांची रजा मिळालेल्या नोकरदार महिलांनी सरासरी साडेचार महिने, तर सहा महिन्यांची रजा मिळालेल्यांनी आठ महिने पाजल्याचे त्यांना आढळले.

दुसरं थोडं अडलं. शेख व म्हात्रे (२०१५) यांच्या मते कामाचे ठिकाण महत्त्वाचे; गोवंडीतल्या साठ मातांपैकी घरबसल्या काम करणाऱ्यांनी बाहेर घरकामाला जाणाऱ्यांपेक्षा जास्त काळ पाजल्याचे त्यांना आढळले. हे वाक्य देवरुखकरांना ‘याचप्रमाणे’ कसं जोडलं होतं मी? एक रजेबद्दल बोलतोय, दुसरे जागेबद्दल.

तिसऱ्याला तर काही सापडलेलंच नव्हतं. चेंबूरकरांचा तो वैचारिक लेख होता, सर्वेक्षण नव्हे. मी वर्षभर त्यांच्या मताला ‘निष्कर्ष’ म्हणत होते. लिहिलं: चेंबूरकर (२०१८) कामाचे वाढते तास यास कारणीभूत असल्याचे प्रतिपादन करतात, स्वतंत्र पाहणी केलेली नाही.

चौथं. सुमती तांडेल (१९९४), एम.फिल.ची प्रबंधिका. तांडेल यांच्या मते मातेचे काम वाढले की अंगावरचे दूध लवकर सुटते; त्यांना आढळले की...

पुढे पेन चालेना. किती बायका, कुठल्या, किती महिने, मला काहीच माहीत नव्हतं. मी तांडेल वाचल्याच नव्हत्या. ते वाक्य मी मॅडमच्या २००१ सालच्या लेखातून उचललं होतं. मॅडमनीच लिहिलंय म्हणजे बघायला काय हवं?

आत निहार रडला. चाळीस मिनिटं संपली.

“झालं का गं तुझं?” सासूबाई त्याला घेऊन बाहेर आल्या.

“तीन झाली, आई. चौथ्यासाठी अंधेरीला जायला हवं. लायब्ररीत. ते बाहेर देत नाहीत.”

“मग जा की.”

“याचं काय?”

“मी काय परकी आहे? वाटीनं देते.” त्यांनी माझा चेहरा पाहिला. “रडू नको. अंगावरचं एका दिवसात सुटत नाही.”

शेजारच्या वहिनी दोनदा म्हणाल्या होत्या, आता वरचं सुरू कर, तुझं ते कॉलेज आहे ना. दर वेळी घराबाहेर पडताना मला वाटायचं, आपण रोज थोडं थोडं सोडवतोय त्याला. माझ्याच प्रकरणात लिहिलेलं होतं की असंच होतं. चार-चार लोकांनी सिद्ध केलेलं.

बुधवारी चारकोपहून रिक्षा, मग मेट्रो, साडेअकराला विभागाच्या ग्रंथालयात. ग्रंथालय सांभाळणाऱ्या लवूकाकांनी कुलपाच्या कपाटातून तांडेल काढून दिल्या. निळं कापडी पुठ्ठ्याचं बाड, टंकलेखन यंत्रावर केलेलं.

“इथंच बसून वाचायचं हां. मागच्या कागदावर नाव, वेळ लिही. आल्याची आणि गेल्याची.”

प्रस्तावनेच्या तिसऱ्याच पानावर ते वाक्य होतं. मातेचे काम वाढले की अंगावरचे दूध लवकर सुटते. पण त्याच्या वर लिहिलेलं होतं, गृहीतक. म्हणजे अभ्यास सुरू करण्याआधीचा अंदाज.

निष्कर्षाचं प्रकरण पान एकशे बारावर. वर्सोव्याच्या अठ्ठेचाळीस बायका. सत्तावीसजणी खाडीकाठी मासळी वाळवणाऱ्या, एकवीसजणी टोपली घेऊन अंधेरीच्या बाजारात बसणाऱ्या. वाळवणाऱ्यांचे कामाचे तास उलट जास्त होते. आणि त्यांनी पाजलं होतं सरासरी सतरा महिने. बाजारात जाणाऱ्यांनी नऊ. कारण वाळवणारीचं पोर तिथंच, बोंबलांच्या सावलीत, झोळीत. खाली एक ओळ: ‘सबब गृहीतक टिकत नाही. दूध कामाने नव्हे, अंतराने तुटते, असे या पाहणीपुरते दिसते.’

मी ती ओळ तीनदा वाचली. 

मग वाक्य लिहिलं. तांडेल (१९९४) काम वाढल्यास दूध लवकर सुटते हे गृहीतक तपासतात; वर्सोव्यातील ४८ महिलांत बाळ जवळ ठेवून मासळी वाळवणाऱ्यांनी जास्त तास काम करूनही सरासरी सतरा महिने, तर बाळ घरी ठेवून बाजारात जाणाऱ्यांनी नऊ महिने पाजल्याचे आढळल्याने ते गृहीतक टिकत नाही.

एका वाक्यात बसलं. पण माझा परिच्छेद पडला, आणि मॅडमचा लेखही.

निघताना वेळ लिहायला मागचा कागद उलटला. तीस वर्षांत अकरा नावं. सहावं ओळखीच्या अक्षरात: मृणालिनी वैद्य, १२ जानेवारी २०००. ४.१० ते ४.३५.

पंचवीस मिनिटं.

घरी आले तर निहार सासूबाईंच्या मांडीवर झोपलेला. वाटी रिकामी. मी बॅग न ठेवताच सगळं सांगितलं. वर्सोवा, झोळी, सतरा आणि नऊ.

“यात नवीन काय?” सासूबाई म्हणाल्या. “मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला होते. दुपारच्या सुट्टीत माझ्या नणंदबाई, शकुवन्स, विकीला गेटवर घेऊन यायच्या. वॉचमनच्या स्टुलावर बसून पाजायची मी. दोन वर्षं प्याला घोडा. मला कुणी विचारायलाच आलं नाही.”

“मॅडमना कसं सांगू, आई? त्यांचंच चुकलंय. आणि सही त्यांची हवी शुक्रवारी.”

“तू खोटं बोलत्येस का?”

“नाही.”

“मग? पोरीनं आईला सांगावं तसं सांग. पदर नीट कर म्हणतो, तसं.”

गुरुवारी मॅडमच्या केबिनमध्ये कागद ठेवला. त्यांनी लाल पेन घेतलं. पहिल्यावर बरोबर. दुसऱ्यावर बरोबर. तिसऱ्यावर हसल्या. “चेंबूरकरांना बरोबर पकडलंस.” चौथ्यावर पेन थांबलं.

“हे असं नाहीये, माधुरी. माझ्या लेखात—”

“मॅडम, मी काल वाचलं. पूर्ण. पान एकशे बारा.” माझा आवाज मलाच बारीक वाटला. “तुमच्या लेखात गृहीतक आलंय. निष्कर्ष उलटा आहे. मीही न वाचताच तुमचं वाक्य घेतलं होतं, म्हणजे चूक माझीही आहे.”

मोबाइलवर काढलेला त्या पानाचा फोटो पुढे केला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. बराच वेळ. मग फोटो पुढे सरकला आणि तो मागचा कागद आला. तोही मी काढला होता, का ते मला माहीत नाही.

“चार दहा ते चार पस्तीस,” त्या म्हणाल्या. “माझी गंधाली सात महिन्यांची होती. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, मुलुंडला. उशीर झाला की त्या बाई तिला घेऊन दारात उभ्या राहायच्या.” त्यांनी फोन खाली ठेवला. “प्रस्तावना वाचली आणि पळाले. परत येऊन पुढचं वाचीन म्हटलं होतं गं.”

मी फोन उचलून बॅगेत टाकला.

“आणि नंतर वर्षभर मला वाटत राहिलं, की मी नोकरी करते म्हणून तिचं सुटलं. मीच लिहिलेलं होतं ना.” त्या हसल्या, पण डोळे पुसून. “पुढे शंभर पानांवर उत्तर होतं.”

मग त्या एकदम सरळ बसल्या. “हे वाक्य असंच राहू दे. आणि खाली तळटीप टाक. वैद्य (२००१) यांनी या गृहीतकालाच निष्कर्ष म्हणून उद्धृत केले आहे, ते बरोबर नाही.”

“तुमचं नाव?”

“मग कुणाचं? जोडीला परिच्छेद नव्याने बांध. चारही एकच सांगत नाहीत, हेच आता तुझ्या परिच्छेदाचं म्हणणं. एक रजा म्हणतो, दोघं जागा म्हणतात, एकाकडे आकडाच नाही. मग तुझा अभ्यास कशासाठी, ते समितीला आपोआप कळेल. आज होईल?”

“निहार झोपला तर.”

“उद्या घेऊन ये त्याला.”

“समितीला?”

“समितीला कशाला, या केबिनमध्ये. सासूबाईंना सांग, सोबत बसतील. समितीच्या खोलीपासून अंतर किती? अकरा पावलं आहे. मी मोजलंय कधीच.”

शुक्रवारी समितीचे अध्यक्ष श्यामकांत सर तळटीपेपाशी थांबले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही तळटीप कुणी सुचवली?”

“चूक माझी, सापडली तिला,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी परिच्छेद पुन्हा वरून खाली वाचला. “तांडेलांची पाहणी लहान आहे. अठ्ठेचाळीसच.”

“हो सर. म्हणून ‘सिद्ध झाले’ असं लिहिलं नाही. ‘आढळले’ लिहिलंय.”

ते काहीतरी विचारणार तोच पलीकडच्या केबिनमधून रडणं आलं. ते रडणं मी कुठेही ओळखीन. ओढणीखाली कुर्ता ओला व्हायला लागला. दारात सासूबाई उभ्या, कडेवर निहार, चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. गेटवर उभं राहायची सवय त्यांच्या घरातच होती.

श्यामकांत सरांनी घड्याळ पाहिलं. “दहा मिनिटं चहा घेऊ,” ते म्हणाले आणि कागदावर सही करून तो मॅडमकडे सरकवला. “दुसरं प्रकरण ठीक आहे. उरलेलं चहानंतर.”

केबिनमध्ये मॅडमची खुर्ची मोठी होती. निहार चिकटला आणि गप्प झाला. सासूबाईंनी दार लोटून घेतलं. दाराबाहेर मॅडम फोनवर बोलत होत्या, हळू, पण ऐकू येत होतं.

“गंधाली, काम काही नाही गं. एक सांगायचं राहिलं होतं तुला. पंचवीस वर्षं झाली.”